खुर्चीच्या कडेवर बसलेली हुशारी



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांना लांबलेलं प्रास्ताविक आवडत नसे असं मघाशी संयोजकांनी सांगितलं. म्हणून थेट विषयाला येतो. ‘मुलाखतीतली आणि बैठकीतली देहबोली’ हा विषय मला दिला आहे. दहिवडी, म्हसवड, आटपाडी, विटा अशा गावांतल्या अभ्यासिकांमध्ये रात्री उशिरापर्यंत दिवे जळतात. तिथली बरीच मुलं-मुली आज इथं आली आहेत, तेव्हा बोलणं मुख्यतः त्यांच्याशीच करतो. इतरांनी ऐकायला हरकत नाही, कारण ग्रामपंचायतीच्या बैठकीपर्यंत आपण जाणारच आहोत.

यूपीएससीच्या नागरी सेवा परीक्षेत लेखी परीक्षेला 1750 गुण असतात आणि मुलाखतीला 275. समोर अध्यक्ष आणि चार सदस्य अशी पाच माणसं बसतात आणि साधारण अर्धा तास बोलणं चालतं. आयोगाचं म्हणणं असं की ही उलटतपासणी नाही. दिशा ठरवून केलेला हा संवाद आहे, आणि त्यातून माणूस पाहायचा आहे. गुणवत्ता यादीत दोन उमेदवारांत चार-पाच गुणांचं अंतर असलं तरी सेवा बदलते. एवढं मोल असलं की धंदा उभा राहतोच. देहबोलीचा धंदा पुण्यात जोरात आहे आणि तिथं पहिल्या तासालाच एक आकडा फळ्यावर लिहितात. बोलण्यात शब्दांचा वाटा सात टक्के, आवाजाचा अडतीस आणि चेहरा-शरीराचा पंचावन्न.

या आकड्याचा समाचार आधी घेऊ. तो अल्बर्ट मेहराबियन या अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञाच्या 1967 सालच्या प्रयोगांतून आला. प्रयोग काय होता? एकेक सुटा शब्द वेगवेगळ्या सुरांत ऐकवायचा. एका प्रयोगात तर ‘कदाचित’ या अर्थाचा एकच शब्द होता. त्याच्या जोडीला चेहऱ्याचे फोटो दाखवायचे आणि विचारायचं, या माणसाला समोरच्याबद्दल आपुलकी वाटते की नाही? सूर आणि चेहरा शब्दाशी विसंगत असेल तर लोक कशावर विश्वास ठेवतात, इतकाच प्रश्न होता. ही टक्केवारी सगळ्या बोलण्याला लावता येत नाही, असं मेहराबियन यांनी स्वतःच नंतर सांगितलं. विचार करून पाहा, टेंभू योजनेचं पाणी आटपाडीपर्यंत कसं आलं, हे शब्दांत फक्त सात टक्के असेल तर उरलेलं त्र्याण्णव टक्के हातवाऱ्यांनी सांगून दाखवावं कुणीतरी.

दुसरी अशीच एक गोष्ट म्हणजे सामर्थ्याची मुद्रा. मुलाखतीआधी दोन मिनिटं कमरेवर हात ठेवून, छाती काढून उभं राहा, शरीरातली रसायनं बदलतात आणि धाडस येतं, असं सांगतात. 2010 साली अमेरिकेत 42 जणांवर केलेल्या प्रयोगातून ते आलं. 2015 साली दुसऱ्या संशोधकांनी 200 जणांवर तेच करून पाहिलं, तेव्हा रसायनांत फरक दिसला नाही. पुढच्याच वर्षी मूळ प्रयोग करणाऱ्यांपैकी दॅना कार्नी यांनी ‘माझा आता यावर विश्वास नाही’ असं जाहीर केलं. स्वच्छतागृहात आरशासमोर तसं उभं राहून तुम्हाला बरं वाटत असेल तर राहा बापडे. पण त्यावर भरवसा ठेवून आत जाऊ नका.

मग देहबोलीला महत्त्व नाही का? आहे, पण ते वेगळ्या ठिकाणी आहे. त्यासाठी आपल्याच म्हसवडची एक मुलाखत आठवू या.

चेतना सिन्हा यांनी 1990च्या दशकात म्हसवडमध्ये बायकांची बँक काढायचं ठरवलं. लोहारकाम करणाऱ्या एका बाईला पैसे शिल्लक टाकायचे होते आणि कुठलीही बँक तिचं खातं उघडत नव्हती, तिथून ते सुरू झालं. रिझर्व्ह बँकेकडे परवान्याचा अर्ज गेला आणि नाकारला गेला. कारण, प्रवर्तक सभासद निरक्षर आहेत. बायका परत आल्या, साक्षरतेचे वर्ग लावले, आणि काही महिन्यांनी पुन्हा अधिकाऱ्यांसमोर जाऊन बसल्या. त्यांनी सांगितलं, आम्ही लहान होतो तेव्हा गावात शाळा नव्हती, त्यात आमचा दोष नाही. आम्हाला वाचता येत नसेल, हिशेब येतो. कुठलीही मुद्दल सांगा, व्याज तोंडी काढून दाखवतो. तुमच्या अधिकाऱ्यांनाही यंत्राशिवाय काढायला सांगा, बघू कोण आधी काढतं. 1997 साली माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली.

ही गोष्ट सांगताना कुणीही त्यांच्या बसण्याबद्दल बोलत नाही, सगळे हिशेबाबद्दलच बोलतात. व्याज काढता येत नसतं तर ताठ बसून काहीही मिळालं नसतं. पण उलट बाजूही बघा. व्याज काढता येत असूनही त्यांनी पदर तोंडावर धरून, जमिनीकडे बघत, अर्ध्या आवाजात ते सांगितलं असतं, तर साहेबांनी पुढचं ऐकून घेतलं असतं का? देहबोलीचं काम इतकंच आहे. ती ज्ञान देत नाही, असलेलं ज्ञान अडवते किंवा वाट देते. माझा आजचा सगळा मुद्दा या अडवण्याबद्दल आहे, कारण आपल्याकडच्या हुशार मुलांचं नुकसान होतं ते तिथंच.

आपण मुलांना अदब शिकवतो, आणि ती शरीरातून शिकवतो. वडीलधारी आले की खाटेवरून उठायचं. मोठ्यांसमोर खुर्चीत रेलून बसायचं नाही. नजर खाली. विचारल्याशिवाय बोलायचं नाही. शाळेत गेलं की ‘हाताची घडी, तोंडावर बोट’. वीस-बावीस वर्षं हे अंगात मुरतं. मग एक दिवस हाच मुलगा पाच वडीलधाऱ्यांसमोर खुर्चीत बसतो आणि त्याचं अंग नेमकं तेच करतं जे त्याला शिकवलं आहे. ते लहान होतं. समोर दिल्लीकडचा किंवा दक्षिणेतला सदस्य असेल तर त्याला त्यात अदब दिसत नाही, भीती दिसते. उद्या तालुक्याचा कारभार याच्या हाती द्यायचा का, हा प्रश्न त्याच्या मनात असतो.

एका अभ्यासिकेत मी घेतलेल्या अभिरूप मुलाखतीचं उदाहरण सांगतो. मुलगा आटपाडीच्या बाजूचा, घरी मेंढरं, कृषी पदवीधर. लेखीची तयारी पक्की. दार उघडलं आणि तिथंच कमरेत वाकून उभा राहिला. एका हातात फाइल, त्यामुळे नमस्काराचे हात नीट जुळेनात, फाइल छातीशी आली. ‘बसा’ म्हटल्यावर बसला तो खुर्चीच्या पुढच्या चार बोटांवर, पाय मागं दुमडून खुर्चीखाली, हात दोन मांड्यांमध्ये दाबलेले. आता असं बसून कुणीही बोलून बघावं. पोट दाबलं जातं, श्वास वरच्यावर येतो, वाक्याच्या शेवटी आवाज बुडतो. मराठीत क्रियापद शेवटी येतं. आवाज शेवटी बुडाला की ‘आहे’ की ‘नाही’ तेच कळत नाही. सदस्य ‘काय म्हणालात?’ असं पुन्हा विचारतो, आणि मुलाला वाटतं, आपलं उत्तर चुकलं.

मी विचारलं, ‘सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरला एवढा पाऊस आणि माणमध्ये दुष्काळ, का?’ उत्तर त्याला पाठ होतं. सह्याद्री, पर्जन्यछाया, ढग पश्चिम उतारावर रिकामे होतात, सगळं बरोबर. पण उत्तर त्यानं टेबलावरच्या पाण्याच्या ग्लासाला दिलं. त्याचा डावा पाय सगळा वेळ हलत होता. पाय टेबलाखाली असतो, म्हणून दिसत नाही असं मुलांना वाटतं. पाय हलला की खांदा हलतो, आणि खांदा समोरून स्पष्ट दिसतो.

मग खिलारी जनावरांवर बोलणं निघालं आणि सगळं पालटलं. खरसुंडीच्या बाजारात खोंड कसा पारखायचा, हे तो सांगायला लागला. शिंगं, खूर, वशिंड, चालवून बघताना मागचा पाय कुठं पडतो ते. सांगता सांगता तो आपोआप मागं सरकून बसला, हात मोकळे झाले, तळवे उघडले, नजर माझ्या डोळ्यांत आली. तीन-चार मिनिटं उत्तम अधिकारी माझ्यासमोर बसला होता. पुढचा प्रश्न राज्यघटनेवर आला आणि तो पुन्हा चार बोटांवर.

इथं दोष शरीराचा नव्हता. जिथं आपला अधिकार आहे असं त्याला वाटलं तिथं शरीर बरोबर वागलं. त्याला मी नवीन काहीही शिकवलं नाही. खोंडाबद्दल बोलताना जसा बसला होतास तसाच आत शिरल्यापासून बस, एवढंच सांगितलं आणि त्यासाठी काही खुणा दिल्या.

त्या खुणा तुम्हालाही सांगतो. फाइल डाव्या हातात, बाजूला लोंबती. आत आल्यावर दोन-तीन पावलं नीट चालायचं, टेबलाजवळ थांबायचं, अध्यक्षांकडे बघून नमस्कार करायचा आणि मग मान वळवून बाकीच्यांना. मान लवली तर चालेल, कंबर लववायची नाही. बसा म्हटल्यावर कंबर खुर्चीच्या पाठीला टेकेपर्यंत मागं जायचं. दोन्ही तळपाय जमिनीवर सपाट, म्हणजे खुर्ची फिरती असली तरी ती तुम्हाला घेऊन फिरत नाही. फाइल मांडीवर, हात तिच्यावर सैल. आपल्याकडची माणसं मांडी घालून बसली की पाठ सुरेख सरळ ठेवतात, तीच खुर्चीत बसली की कोसळतात, कारण खुर्चीत माणूस बैठकीच्या हाडांऐवजी माकडहाडावर बसतो. बैठकीची हाडं खाली टेकली पाहिजेत. ती टेकली की पाठ ताठ करण्याचा वेगळा आव आणावा लागत नाही.

नजरेचं काम थोडं अवघड आहे, कारण समोर पाच जण असतात. ज्यानं विचारलं त्याच्याकडे बघून उत्तर सुरू करायचं. दोन वाक्यांनंतर नजर इतरांकडे फिरवायची, आणि शेवट पुन्हा विचारणाऱ्याकडे आणायचा. टक लावून बघायचं नाही. डोळ्यात डोळे घालायला संकोच वाटत असेल तर दोन भुवयांच्या मध्ये बघा, समोरच्याला फरक कळत नाही. विशेषतः मुलींना सांगतो. नजर खाली ठेवायचं तुम्हाला मुलांपेक्षा जास्त शिकवलेलं आहे, म्हणून ही सवय मोडायला तुम्हाला वेळही जास्त द्यावा लागेल.

यूपीएससीची मुलाखत मराठीतून देणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट. तिथं दुभाषी दिला जातो. दुभाषी तुमच्या भाषेत बोलतो, म्हणून मुलं सुटका झाल्यासारखी त्याच्याकडेच बघून बोलत राहतात, आणि प्रश्न विचारणारा सदस्य बाजूलाच पडतो. दुभाषी बोलत असतानाही तोंड सदस्याकडेच ठेवा. तो तुमचं उत्तर तुमच्या चेहऱ्यासकट ऐकतो आहे.

मान हलवण्याचंही बघा. आपण ‘हो’ म्हणताना मान थोडी दोन्ही बाजूंना डोलावतो. मराठी माणसाला ती मान कळते, परप्रांतीयाला कधी कधी ‘नाही’ वाटते. मान डोलली तरी हरकत नाही, पण तोंडानं ‘हो सर’, ‘हो मॅडम’ स्पष्ट म्हणा. एखादी गोष्ट येत नसेल तर ‘मला माहीत नाही’ हेही त्याच आवाजात, त्याच बसण्यात सांगा. उत्तर येत नाही म्हटल्याबरोबर जीभ चावणं, डोकं खाजवणं, छताकडे बघणं या सवयींनी एका न आलेल्या उत्तराची तीन उत्तरं होतात.

आणि समोरच्यांची देहबोली वाचत बसू नका. एक सदस्य घड्याळाकडे बघतो, दुसरा मान खाली घालून लिहितो, तिसरा हसतो. मुलं त्यातून निकाल काढतात आणि पुढच्या उत्तरात गडबडतात. माणसाच्या वागण्यावरून तो खोटं बोलतो की खरं, हे लोकांना किती ओळखता येतं, याचे शेकडो अभ्यास एकत्र करून 2006 साली हिशेब मांडला गेला. उत्तर आलं सुमारे 54 टक्के. नाणं उडवलं तर 50 टक्के येतं. इतक्या कच्च्या विद्येवर अर्ध्या तासात विसंबू नये. हेच सदस्यांनाही लागू आहे. घाम आला म्हणजे उमेदवार काही लपवतो आहे असं मानणारा परीक्षक मला कच्चा वाटतो. मे महिन्यात दहिवडीला या, सगळेच गुन्हेगार ठराल.

आता हस्तांदोलन. आयोगाच्या मुलाखतीत ते करायचं नसतं, नमस्कार पुरे. पण खासगी बँक, कंपनी, साखर कारखान्याचं कार्यालय, तिथं हात पुढे येतो. हाताची भाषा आपल्याला नवी नाही. जनावरांच्या बाजारात रुमालाखाली हात घालून बोटं दाबून भाव ठरतात, भोवती पन्नास माणसं असली तरी कुणाला कळत नाही. तिथं हात किंमत सांगतो. मुलाखतीतला हात तेवढं काही सांगत नाही, पण चुकला तर लक्षात राहतो.

नियम साधा आहे. मोठ्यानं किंवा यजमानानं हात पुढे करावा, मग आपण द्यावा. समोर बाई असेल तर तिनं हात पुढे केला तरच. तळवा उभा, अंगठा वर. अंगठा आणि तर्जनी यांच्यामधली खोबण समोरच्याच्या खोबणीला भिडली पाहिजे. ती भिडली की नुसती बोटं देण्याचा प्रश्न राहत नाही. दोन-तीनदा हलवून सोडून द्यायचं. आपल्याकडे चुका दोन प्रकारच्या होतात. पहिली जोराची. खोऱ्या-कुदळीचा हात, त्यात पैलवानकी केलेली, साहेबाची अंगठी बोटात रुतते. दुसरी आदराची. उजवा हात देताना डावा हात आपल्याच कोपराला लावायचा आणि वर कमरेत वाकायचं. भाव चांगला आहे, पण ते हस्तांदोलन आणि पाया पडणं यांच्या मधलं काहीतरी होतं. हाताला घाम येत असेल तर बाहेर बसलेले असताना रुमाल उजव्या मुठीत धरा आणि नाव पुकारलं की खिशात टाका. पँटला हात पुसत आत येणारा सगळ्यांना दिसतो.

बैठकीची गोष्ट वेगळी, कारण तिथं देहबोली खुर्च्यांच्या मांडणीपासूनच सुरू होते. महाराष्ट्रात 2011 पासून पंचायतींमध्ये निम्म्या जागा बायकांना आहेत. पण ग्रामपंचायतीत जाऊन बघा. सरपंचबाईंची खुर्ची टेबलाच्या मधोमध असते आणि बाई टोकाच्या खुर्चीत. का, तर मधल्या खुर्चीसमोर गावातली वडील माणसं बसलेली. मग ग्रामसेवक बोलताना मधल्या रिकाम्या खुर्चीशेजारी बसलेल्या बाईंच्या नवऱ्याकडे, म्हणजे दाजींकडे बघतो, आणि ठराव दाजींच्या मान हलवण्यावर पास होतो. हे सुधारण्याची सुरुवात आत्मविश्वासाच्या शिबिरापासून करू नका. बाईंनी सगळ्यांच्या आधी येऊन मधल्या खुर्चीत बसावं, आणि कागद स्वतःपुढे ओढून घ्यावेत. ज्याच्यापुढे कागद, त्याच्याकडे माणसं वळतात. डोक्यावरचा पदर तिथं आड येत नाही, तो ज्याचा त्याचा प्रश्न आहे. पदरानं तोंड झाकलं तर मात्र आवाज आड येतो.

बैठकीत टाळायच्या सवयींपैकी मी एकच सांगेन, कारण ती हल्ली सगळ्यांना लागली आहे. मोबाइल टेबलावर उताणा ठेवणं. तो वाजला नाही तरी दर मिनिटाला डोळे तिकडे जातात, आणि बोलणाऱ्याला आपलं म्हणणं ऐकलं जात नाही हे कळतं. तक्रार घेऊन आलेल्या शेतकऱ्याला तर ते फार लवकर कळतं.

सवयी मोडायच्या कशा? आरशासमोर नाही. आरशात आपण आपल्याला बघतो म्हणून नीट वागतो. मित्राला प्रश्न विचारायला बसवा आणि दहा मिनिटांचं चित्रण मोबाइलवर करा. पहिल्यांदा ते आवाज बंद करून बघा. पाय, खांदा, नाकाकडे जाणारा हात, सगळं दिसेल. दुसऱ्यांदा डोळे मिटून फक्त ऐका. वाक्यांची शेपटं कुठं बुडतात ते कळेल. मग एकच सवय निवडा. आठवडाभर तेवढीच. पाच एकदम धराल तर मुलाखतीत सगळं लक्ष अंगाकडे राहील आणि प्रश्न निसटेल. आणि सवय नुसती सोडता येत नाही, तिला जागा द्यावी लागते. पेनचं टोपण टकटक करणाऱ्याला ‘करू नकोस’ सांगून उपयोग नाही. पेन खिशात गेलं पाहिजे आणि हात फाइलवर आले पाहिजेत.

अभ्यासिका चालवणाऱ्या मंडळींना एक विनंती करून थांबतो. तुमच्याकडे पुस्तकं आहेत, वायफाय आहे, काही ठिकाणी गार हवासुद्धा आहे. एका कोपऱ्यात एक टेबल, पलीकडे पाच खुर्च्या आणि अलीकडे एक, एवढं मांडा. दर रविवारी मुलांना आळीपाळीनं दोन्ही बाजूंना बसवा. पलीकडच्या खुर्चीत बसून दुसऱ्याची मुलाखत घेतली की आपला हलणारा पाय लवकर कळतो. आणि त्या पाचांत एक खुर्ची गावातल्या एखाद्या बचत गटाच्या ताईंना द्या. त्या व्याजाचा हिशेब विचारतील. तो तोंडी, त्यांच्याकडे बघून सांगता आला पाहिजे.